इंजिनिअर, इयत्ता पहिली

समोरच्या नाना जोश्यांचा समीर मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि पुढच्या शिक्षणासाठी रशियाला निघाला, तेव्हा सोसायटीत रशियन येणारा मी एकटाच आहे हे सगळ्यांना एकदम आठवलं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेलं हे रशियन ३५ वर्षांत कुणी फुकटसुद्धा मागितलं नव्हतं.

"डिग्री आणि मार्कशीट, दोनच कागदांचा अनुवाद," नाना म्हणाले. "आकडे तर तसेच राहणार. मग उरलं काय?"

उरलं होतं ते डिग्रीच्या चौथ्या ओळीत. 'फर्स्ट क्लास'. मी बेधडक 'पेर्वी क्लास' लिहून मोकळा झालो. तिकडचा नोटरी मार्कांची खात्री देत नाही, अनुवादकाची सही खरी आहे एवढंच सांगतो. ती सही मॉस्कोतली माझी जुनी मैत्रीण करणार होती, म्हणून मसुदा तिच्याकडे गेला. रात्री तिचा फोन आला.

"मुलगा फारच हुशार दिसतोय. पहिली पास झाला आणि थेट इंजिनिअर?"

रशियनमध्ये क्लास म्हणजे शाळेतली इयत्ता. 'पहिली श्रेणी' म्हणावं तर त्या नावाचं प्रशस्तिपत्रक तिकडे वक्तृत्व स्पर्धेतही मिळतं. शेवटी शब्द अवतरणात ठेवून खाली अनुवादकाची टीप घातली, की या विद्यापीठात ६० टक्क्यांपासून पुढे हा वर्ग मिळतो.

नंतर 'प्रॅक्टिकल'. मी लिहिलं 'प्राक्तिका'. त्याचा अर्थ कारखान्यात जाऊन केलेली उमेदवारी. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये दोन तास कानस घासून मिळवलेल्या ५० पैकी ४१ मार्कांवर समीर तिकडे अनुभवी कामगार ठरत होता! ते बदलून 'प्रयोगशाळेतलं काम' केलं.

विषयांच्या नावांत शब्दकोश उपयोगी पडत नाही. तिथल्या कॉलेजात त्या विषयाला काय म्हणतात ते शोधावं लागतं. आपण 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' म्हणतो, म्हणजे पदार्थांची ताकद. त्यांच्याकडे तोच विषय 'पदार्थांचा प्रतिकार' म्हणून शिकवतात आणि पोरं त्याला लाडानं (की धाकानं?) 'सोप्रोमात' म्हणतात. सोप्रोमात सुटला की लग्नाला हरकत नाही, अशी तिकडच्या विद्यार्थ्यांत म्हणच आहे. समीरला त्यात ५४ आहेत. हे ऐकून जोशीकाकूंनी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

चौथ्या सेमिस्टरच्या शेऱ्यात 'ए.टी.के.टी.' होतं. गंमत अशी की ही चारही अक्षरं रशियन लिपीत जशीच्या तशी आहेत. तशीच सोडली असती तर तिकडचा कारकून आपल्याच भाषेतलं लघुरूप समजून दिवसभर अर्थ शोधत बसला असता. तिकडचे विद्यार्थी राहिलेल्या विषयाला 'ख्वोस्त' म्हणतात, म्हणजे शेपूट, पण सरकारी कागदावर शेपूट चालत नाही. तिथला अधिकृत शब्द 'शैक्षणिक थकबाकी'. नाना उसळले. "थकबाकी? आम्ही फी वेळेवर भरलीय! पावत्या आहेत!" मग टीप अशी लिहिली, की एक विषय राहिला असता पुढच्या सत्रात बसायची परवानगी मिळाली.

सगळ्यात लांबला तो ५४चाच वाद. रशियात गुणांचे खरे आकडे चारच. ५ म्हणजे उत्कृष्ट, ४ चांगला, ३ समाधानकारक आणि २ म्हणजे नापास. नाना म्हणाले, "मग ५४च्या जागी ४ लिहा की. पोरगं आपलंच आहे."

"नाना, मी अनुवादक. परीक्षक नाही."

मूळ कागदावर ५४ असेल तर अनुवादातही ५४च. त्याला ४ म्हणायचं की ३, हे ज्या विद्यापीठात तो जाणार ते ठरवील. पण नुसता ५४ वाचून रशियन माणूस 'अर्ध्यावर आलाय, बरा नाही' असं म्हणायची भीती असते. त्यासाठी कमाल १०० आणि उत्तीर्णतेसाठी किमान ४० हे दोन रकाने गाळायचे नाहीत, एवढं अनुवादकाच्या हातात असतं.

नावाचं मात्र सरळ होईल असं वाटलं होतं. जोशी समीर दत्तात्रय: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. रशियन कागदावरही हाच क्रम! मी इतका खूश झालो, की 'दत्तात्रयेविच' लिहून बसलो. ते खोडलं, कारण पासपोर्टावर 'विच' नाही. शिवाय 'ज'साठी तिथे एक अक्षर नाही, 'द' आणि 'झ' जोडून काम भागवावं लागतं. व्हिसावर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर लिहिलं.

एवढ्यात मैत्रिणीचा शेवटचा प्रश्न आला, "६० टक्क्यांची टीप कशावरून लिहिलीस?" मी नानांना मार्कशीटची मागची बाजू मागितली.

"मागची? झेरॉक्स पुढचीच काढली. मागे काही नाही हो, नुसते नियम आहेत."

तेव्हा वाचकहो, कुणी परदेशी निघालं असेल तर मार्कशीटची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढा.