सूचित करण्यात येते की

सरकारी मराठीत कुठलीही गोष्ट नुसती होत नाही. ती आयोजित करण्यात येते, तिचे आयोजन करण्यात आल्याचे सूचित करण्यात येते, आणि एवढे सगळे करण्यात आल्यावर श्वास उरलाच तर ती किती वाजता आहे तेही सांगण्यात येते. कागदावर हे खपून जाते. कागदाला जागा भरपूर असते आणि वाचणाऱ्याला वेळ भरपूर आहे असे कार्यालयाने परस्पर ठरवलेले असते. पंचाईत होते ती हीच भाषा बटणांच्या फोनवर पाठवताना.

एक कार्यालय डोळ्यांसमोर आणा. नाव नको, खुर्च्या सगळीकडे सारख्याच असतात. काम एवढेसे: विरारच्या पूर्वेकडच्या चांदीपमध्ये बुधवारी अंगणवाडीत लहान बाळांना लस द्यायची आहे, ते आयांना कळवायचे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची बाळे आहेत, एकदोन नऊ महिने पूर्ण झालेली आहेत, म्हणजे त्यांची गोवर-रुबेलाची लस आहे. घरात फोन एकच, बटणांचा, आणि तोही बहुधा बाळाच्या बापाच्या खिशात. बाप कामावर. संध्याकाळी तो घरी येईल, फोन खाटेवर टाकेल, आणि चौथीतली मोठी मुलगी आलेला संदेश आईला वाचून दाखवेल. आपला वाचक म्हणजे ही मुलगी. कार्यालयाचा वाचक मात्र वरचे कार्यालय. त्यामुळे मसुदा असा निघाला:

‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, उद्या दिनांक १२ रोजी सकाळी ठीक १०.०० वाजता आपल्या परिसरातील अंगणवाडी केंद्रात नियमित लसीकरण सत्राचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहून सहकार्य करावे.’

साहेबांनी मान डोलावली. मराठी शुद्ध आहे, तक्रारीला जागा नाही. आता फोनची बाजू ऐका.

एसएमएसच्या एका संदेशाला १४० बाइट एवढीच जागा असते. साधी रोमन अक्षरे ७ बिटांत बसतात, म्हणून ती १६० मावतात. देवनागरी पाठवायची तर प्रत्येक चिन्हाला १६ बिट द्यावे लागतात, म्हणून ७०. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, हे इथे लक्षात ठेवायचे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, अगदी पाय मोडायची खूणसुद्धा वेगळी मोजली जाते. ‘केंद्रात’ हा शब्द बोलताना तीन अक्षरांचा, पण फोनच्या वहीत तो आठ चिन्हांचा आहे. मजकूर ७० च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात, आणि हे तुकडे पुन्हा जोडता यावेत म्हणून प्रत्येकात थोडी जागा खुणेसाठी राखावी लागते. मग एका तुकड्यात उरतात ६७.

आपला मसुदा मोजला तर बरोबर २०१ चिन्हे भरतात, म्हणजे तीन तुकडे काठोकाठ. एवढा काटेकोर योग अंदाजपत्रकातसुद्धा जुळत नाही. आता पहिला तुकडा कुठे संपतो पाहा: ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, उद्या दिनांक १२ रोजी सकाळी ठीक’. संपला. ठीक किती, ते दुसऱ्या तुकड्यात. दुसरा संपतो ‘लसीकरण सत्रा’ या शब्दावर, आणि तिसरा ‘चे आयोजन’ असा सुरू होतो. बऱ्या फोनवर तुकडे आपोआप जुळतात. जुन्या फोनवर ते सुटे येतात, कधी उलट्या क्रमाने येतात, आणि फोनमधली संदेशांची जागा भरलेली असली तर एखादा येतच नाही. चौथीतली मुलगी वाचते, ‘चे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी उपस्थित राहून सहकार्य करावे.’ आई विचारते, कुठे? मुलगी म्हणते, ते नाही दिलं.

तरी साहेबांनी शेवटी ‘आदेशावरून’ घालायला सांगितलेच होते. त्या एका शब्दासाठी चौथा तुकडा लागला असता.

खर्चाचाही हिशेब आहे. हा संदेश आशाताईच आपल्या फोनवरून धाडणार असेल तर तिच्या रिचार्जमध्ये साधारण दिवसाला १०० एसएमएस असतात. ६० घरे धरली तर तीन तुकड्यांनी १८० होतात. म्हणजे ३३ घरांना सहकार्य करायचे निमंत्रण गेले आणि बाकीची उद्यावर पडली. उद्या तर लस आहे.

आणि हा ‘उद्या’ तर सगळ्यांत बेभरवशाचा. एसएमएस थेट फोनवर उडी मारत नाही. तो आधी कंपनीच्या केंद्रात जाऊन बसतो. समोरचा फोन बंद असेल, चार्जिंग संपले असेल, रेंज नसेल, तर तिथेच थांबतो आणि फोन सुरू झाला की पोचतो. मंगळवारी पाठवलेला ‘उद्या’ बुधवारी दुपारी पोचला की त्याचा अर्थ गुरुवार होतो. गुरुवारी आई बाळ घेऊन अंगणवाडीत येते आणि तिला ऐकावे लागते की या लोकांना कितीही कळवा, हे वेळेवर येतच नाहीत. ‘परवा’चे तर नावच काढू नका. तो मागचाही असतो आणि पुढचाही.

आता आशाताईचा मसुदा. तिने तो कुणाला न विचारता आपल्या फोनवर टाईप केला, कारण देवनागरी पाठवली की काही घरच्या जुन्या फोनवर नुसते चौकोन दिसतात हे तिला दारोदारी फिरून माहीत आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत असा आदेश केंद्र सरकारने २०१६ साली काढला खरा, पण आदेशाआधीचा फोन आदेश वाचत नाही. रोमन अक्षरे मात्र सगळीकडे दिसतात. आणि मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन वर्षे लोटल्यामुळे चौथीतली मुलगी ती जुळवून वाचते. पहिला खर्डा असा:

```
Udya sakali sat vajta las. Card ana.
```

हा तिने शेजारच्या मुलाला मोठ्याने वाचायला दिला. पोरगा म्हणाला, ‘उद्या सकाळी साठ वाजता लस. कार्ड आना.’ सात की साठ, आणा की हिंदीतले आना, हे रोमन लिपी सांगत नाही. लिहिणाऱ्याला आपले लिहिलेले नेहमीच बरोबर वाचता येते, म्हणून ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. एवढी एकच परीक्षा आहे आणि तिला निधी लागत नाही. आकडे आकड्यांतच लिहायचे आणि ज्या शब्दावर पोरगा अडखळला तो बदलायचा, हे तिला तिथेच कळले. बाळे उठून, आवरून, पाड्यावरून चालत येईपर्यंत दहा वाजतातच, म्हणून वेळही तिने बदलली. दुसरा खर्डा:

```
Budhvar 12 Nov, sakali 10 te 1. Chandip anganwadi. Lahan balanchi las. Card gheun ya. Asha tai
```

मोजा, ९४ होतात. १६० मध्ये सुखाने बसून वर जागा उरते. वार आणि तारीख दोन्ही दिल्यामुळे संदेश एक दिवस उशिरा पोचला तरी खोटा ठरत नाही. महिना नावाने असल्याने आकड्यांची अदलाबदल होत नाही. दिवस आणि वेळ अगदी पुढे आहे, कारण बटणांच्या फोनवर संदेशांच्या यादीत सुरुवातीचे चार शब्दच दिसतात, आणि उघडून न पाहणारा बापसुद्धा बुधवार एवढे वाचून जातो. ‘आपल्या परिसरातील’ गेले आणि गावाचे नाव आले. ‘सत्र’ गेले आणि लस उरली. शेवटी ओळखीचे नाव आहे, त्यामुळे हा लॉटरीचा संदेश नाही हे कळते.

कार्यालयात हा मसुदा आल्यावर शांतता पसरली. साहेब म्हणाले, ‘यात सूचित कुठे केलंय?’ लिपिक म्हणाला, ‘साहेब, थेटच सांगितलंय.’ ‘तेच म्हणतोय मी.’

जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला आणि त्यात नाताळच्या शुभेच्छांचे दोनच शब्द होते. त्याच्याही आधी, १९८५ च्या सुमारास, फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्याने टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्ये आणि प्रश्न टाईप करून त्यांतली अक्षरे मोजली आणि माणसाला सांगायचे असते ते १६० त मावते असा निष्कर्ष काढला. बिचाऱ्याने आपल्याकडचे एकही परिपत्रक पाहिलेले नव्हते.

अखेर साहेब उदार झाले. मसुदा मान्य, पण आशाताईंच्या फोनवरून नको, कार्यालयाच्या नावाने एकगठ्ठा जाऊ दे. एकगठ्ठा संदेशांचा २०१८ चा नियम कडक आहे आणि फसवणूक रोखायला तो हवाच. पाठवणाऱ्याचे नाव आधी नोंदवायचे, मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा, आणि तारीख, गाव अशा बदलत्या जागी ठरलेली खूण ठेवायची. बाकीचा मजकूर मंजूर साच्याशी जुळला नाही तर कंपनी संदेश पुढे सोडत नाही. म्हणजे जो साचा एकदा मंजूर होईल तोच महिनोन्महिने जाणार. साधा मजकूर असेल तर साधा, आणि ‘सूचित करण्यात येते’ असेल तर तेच, दर बुधवारी. बदलायचे तर पुन्हा अर्ज.

तेव्हा साचा नीटच हवा म्हणून लिपिकाने तो संगणकावर सुबक टाईप केला. साहेबांनी एकच दुरुस्ती सुचवली: कार्यक्रमाचे नाव अवतरणात असावे, जरा भारदस्त दिसते. संगणकाने आपल्या सवयीने ती अवतरणे वळणदार काढली. बदलत्या जागी तारीख आणि गाव भरल्यावर संदेश असा:

```
Budhvar 12 Nov, sakali 10 te 1. Chandip anganwadi. “Lahan balanchi las”. Card gheun ya. Asha tai
```

सरळ अवतरणचिन्ह एसएमएसच्या ७ बिटांच्या यादीत आहे. वळणदार नाही. रुपयाचे नवे चिन्हही नाही. असे एक जरी चिन्ह घुसले तरी सगळा संदेश, त्यातल्या प्रत्येक रोमन अक्षरासकट, १६ बिटांवर जातो आणि मर्यादा १६० वरून ७० वर येते. फोनवर टाईप करणाऱ्याला हे लगेच दिसते, कारण कोपऱ्यातला उरलेल्या अक्षरांचा आकडा एकदम कोसळतो. संगणकावर लिहिणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्याला अवतरणे दिसतात आणि ती सुंदर असतात.

९६ अक्षरांचे दोन तुकडे झाले, ६७ आणि २९. पहिला ‘Lahan balanchi’ वर संपला. साचा त्याच दिवशी मंजूर झाला. आता बुधवार आहे, तारीख आहे, गाव आहे, लहान बाळेही आहेत. लस दुसऱ्या तुकड्यात आहे, आणि वळणदार अवतरणे सरळ करायचा अर्ज टेबलावर आहे.