मुरलेलं चिकन

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, राजकारणी तर मुरतातच. मुरणं म्हणजे चांगलंच, हा संस्कार माझ्यावर इतका पक्का की रविवारी दुपारी मेहुणा जेवायला येणार म्हणून मी शुक्रवारी रात्रीच किलोभर बोनलेस चिकनवर सहा लिंबं पिळली. मसाला लावला. मीठ मात्र आयत्या वेळी घालू म्हणून राखून ठेवलं. सगळं बरोब्बर उलटं केलं, हे नंतर कळलं.

रविवारी डबा उघडला तर तुकडे पांढरेफटक, जणू कुणी उकडून ठेवलेत. तळाशी गढूळ पाणी. सळईत ओवायला गेलो तर तुकडे कडेने फाटून निसटायला लागले. कसेबसे भाजले. वरचा थर पिठूळ, आत कोरडं.

"भाओजी," मेहुणा भीतभीत म्हणाला, "पनीर आहे का?"

रात्री मावशीला फोन केला. ती मालवणची, आणि माशांच्या बाबतीत तिचं घड्याळ भिंतीवर नसतं. "अरे, सुरमईला आगळ लावते ना, ती कांदा चिरून होईस्तोवर. तू दीड दिवस?"

मग वाचत बसलो. मांसातल्या प्रथिनांच्या गुंडाळ्या विस्तवाने उलगडतात, तशाच त्या लिंबानेही उलगडतात. थोडा वेळ हे बरं असतं, मांस जरा सैल होतं. पण उलगडलेल्या गुंडाळ्या एकमेकींना धरून बसतात आणि आतलं पाणी पिळून काढतात. डब्याच्या तळाशी होतं ते हेच. त्याहून जास्त वेळ गेला की वरचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारी जाळीही ढिली पडते आणि लगदा होतो. गंमत म्हणजे आंबटपणा आत जातो जेमतेम काही मिलिमीटर. मी वाट बघत होतो मध्यापर्यंत मुरण्याची, आणि शिक्षा सगळी कडेला होत होती.

आत शिरणारा गडी मीठ. ते आधी पाणी ओढून घेतं, मग त्या खारट पाण्यासकट हळूहळू आत जातं आणि तिथली काही प्रथिनं विरघळवतं. ती भाजताना पाणी धरून ठेवतात. म्हणजे रात्रभर ठेवायचं ते मीठ, किलोला दोन सपाट चमचे, आणि लिंबू लावायचं ते भाजण्याआधी अर्धा तास. दही लिंबापेक्षा सौम्य, त्यामुळे ते एक रात्र सहन होतं. तुकड्याची कड काचेसारखी न दिसता दुधाळ पांढरी दिसू लागली की समजावं, लिंबाचं काम झालं, आता शेगडी पेटवा.

उरलेल्या चिकनचे दुसऱ्या दिवशी कटलेट केले. खिमा करावा लागला नाही.