कलमवीर

लॉच्या प्रत्येक वर्गात एक कलमवीर असतोच. परीटघडीचा पांढरा शर्ट, बगलेत बेअर ॲक्ट. ‘नमस्कार’ म्हटलं तरी कुठल्या कलमाखाली म्हटलं, असं विचारेल अशी मुद्रा. क्लायंट काउन्सेलिंगच्या परीक्षेत तो खरा फुलतो.

या परीक्षेला अशील म्हणून बसायला कॉलेजवाले मला बोलावतात. यंदा मी मसाला कांडपवाला होतो. प्रश्न एका ओळीचा: साडूला धंद्यात घेतोय, पार्टनरशिप करू की प्रायव्हेट लिमिटेड? बाकीची हकीकत माझ्या खिशात. विचारलं तरच सांगायची, असा नियम.

कलमवीर बसायच्या आतच सुरू झाला. “भागीदारी कायदा 1932, कलम 25. फर्मच्या कर्जाला प्रत्येक भागीदार संपूर्णपणे जबाबदार. कंपनीत जबाबदारी शेअर्सपुरती. सबब, कंपनी काढा.”

“म्हणजे घर वाचलं?”

“अर्थात!”

इथे परीक्षकबाईंनी चष्मा काढून पुसला. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक बहुधा डायरेक्टरची वैयक्तिक हमी मागते. हमीवर सही केली की त्या कर्जापुरतं घर पुन्हा टांगणीला. शिवाय उलाढाल कितीही असो, कंपनीला ऑडिट चुकत नाही आणि वार्षिक फॉर्म चुकला तर फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये. कलमवीराला हे सगळं पाठ होतं, पण ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर होतं आणि तो प्रश्न मी विचारला नव्हता!

त्याच्यानंतर आलेली मुलगी जरा घाबरलेलीच होती. तिने पाणी घेतलं आणि विचारलं, “काका, साडू सध्या काय बघतात?”

खिसा उघडावाच लागला. साडू वर्षभर खरेदी बघतायत. नफा निम्मा-निम्मा, कागद काही नाही. मिरचीवाल्याचे 4 लाख त्यांनी धंद्याच्या नावावर उधार आणलेत आणि एका हॉटेलवाल्याकडे आपले 60 हजार अडकलेत.

“मग काका, तुमची पार्टनरशिप झालेलीच दिसतेय. तोंडी असली तरी पार्टनरशिपच. ते 4 लाख मिरचीवाला तुमच्या एकट्याकडूनही मागू शकतो. उद्या कंपनी काढलीत तरी ही जुनी उधारी तुमच्या डोक्यावरून उतरणार नाही. आणि फर्म रजिस्टर नसेल तर हॉटेलवाल्यावर फर्मतर्फे वसुलीचा दावा चालणार नाही. आधी हिशेब लिहून काढा, फर्म रजिस्टर करून घ्या. कंपनीचं त्यानंतर बघू. आणि साडूंना सल्ला मी देणार नाही, त्यांना त्यांचा वकील बघू दे.”

बाहेर कलमवीर मला गाठून तावातावाने म्हणाला, “सर, तोंडी भागीदारीचं कलम 4 मला येत होतं! साडू आधीपासून धंद्यात आहे, हे तुम्ही बोललाच नाहीत.”

“तू विचारलंस कुठे?”

“पण सर, साडू सिलॅबसमध्ये कुठे आहे?”