भेट मोडणाऱ्या साहेबांस अनावृत पत्र

प्रति,
आयत्या वेळी भेट रद्द करण्यात हातखंडा असलेले साहेब

विषय : गुरुवार, 11 जून रोजी न झालेली आपली भेट

स. न. वि. वि.

गुरुवारी सकाळी अकराला फोर्टमधल्या आपल्या कचेरीत भेटायचं ठरलं होतं. आपला रद्दचा निरोप 9 वाजून 50 मिनिटांनी आला. म्हणजे तब्बल सत्तर मिनिटं आधी! एवढी सवड दिल्यावर आपल्याला स्वतःचं कौतुक वाटलं असणार. फक्त आपलं घड्याळ अकरापासून मागे मोजतं, आणि माझं मी डोंबिवलीत घराला कुलूप लावलं तिथून पुढे. साडेआठच्या आत कळलं असतं तर मी दुसरा चहा घेतला असता. त्यानंतर कळवायचं तर लिहायचं नसतं, फोन करायचा असतो. लोकलमध्ये ज्याचा एक हात कडीला आणि दुसरा बॅगेला आहे, तो निबंध वाचत नाही.

कारण आपण पाठवलात तो निबंधच होता. कुर्ल्याच्या आसपास खिशातला मोबाइल थरथरला. पडद्यावर पहिली ओळ दिसली : ‘नमस्कार, आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा आहे.’ आम्ही कुशल होतो. मी मोबाइल परत खिशात ठेवला. कुलूपबंद मोबाइलवर निरोपाची ओळ-दोन ओळीच दिसतात, आणि आपण त्या आमच्या क्षेमकुशलावर खर्च केल्यात. तिथे ‘आजची अकराची भेट रद्द’ एवढं असतं, तर मी दादरला उतरून उलटी लोकल धरली असती. त्या वेळी तिकडे जाणाऱ्या गाडीत बसायलाही जागा मिळते. पण ‘रद्द’ हा शब्द आपण अठराव्या ओळीसाठी राखून ठेवला होता. तो मी पावणेअकराला आपल्याच स्वागतकक्षात बसून वाचला.

मधल्या ओळी मात्र हृदयद्रावक होत्या. अचानक आलेले वरिष्ठ, बिघडलेला एसी, पित्ताचा त्रास, आणि ‘क्षमस्व’ चार वेळा. एक कारण असतं तर मी विश्वास ठेवला असता. तीन वाचल्यावर त्यातलं खरं कोणतं ते शोधू लागलो. चार वेळा माफी मागितलीत तर निदान दोनदा तरी ‘अहो, असू द्या’ म्हणणं मला भाग पडतं. खेटा माझा, आणि समजूतही मीच काढायची!

आणि शेवटचं वाक्य : ‘पुढच्या शनिवारी बघू या का?’ निरोप गुरुवारचा. तेव्हा हा शनिवार 13 तारखेचा की 20 चा? मी विचारलं, ‘कोणता शनिवार?’ आपण अंगठा पाठवलात. मी विचारलं, ‘किती वाजता?’ आपण लिहिलंत, ‘तुम्ही सांगा.’ मी दहा म्हटलं, आपण ‘सकाळी जरा अवघड आहे’ म्हटलंत. आज नऊ निरोप झाले, शनिवार अजून ठरायचा आहे. मोडली आपण, आणि जुळवाजुळवीचं काम मात्र अलगद माझ्याकडे आलं.

आपला वेळ मौल्यवान आहे, म्हणून पुढच्या वेळेसाठी मजकूर मीच तयार करून देतो. निघण्याआधी पोचेल अशा बेताने, सकाळी आठला पाठवावा :

‘आजची अकराची भेट रद्द करावी लागते आहे. वरिष्ठांनी त्याच वेळी बैठक बोलावली आहे. आयत्या वेळी कळवतो आहे, माफ करा. मंगळवार, 16 जून, सकाळी 11 किंवा बुधवार, 17 जून, दुपारी 4, अर्धा तास. यांपैकी कोणती वेळ सोयीची? या वेळी मीच तुमच्याकडे येतो.’

सहा वाक्यं. बातमी पहिल्यांदा, कारण एकच, माफी एकदाच. वाराशेजारी तारीख आहे, त्यामुळे शनिवारांची भानगड नाही. आणि वेळा दोन आहेत. एकच दिली तर तो हुकूम वाटतो, पाच दिल्या तर सगळ्या अडवून बसाव्या लागतात. मला फक्त ‘मंगळवार’ लिहायचं उरतं. शेवटचं वाक्य ऐच्छिक आहे, पण समोरचा घरून निघालेला असेल तर माफीपेक्षा तेच जास्त खरं वाटतं.

तरी आपली भेट आता मीच ठरवतो : मंगळवार, 16 जून, सकाळी 11 किंवा बुधवार, 17 जून, दुपारी 4. स्थळ : डोंबिवली स्टेशन, पूर्वेकडची बाजू. जलद लोकलने या. मोबाइल खिशातच राहू द्या. भेट रद्द करायची झालीच तर मी फोन करीन, आणि तोही आपण घरून निघण्याआधी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्वागतकक्षात बसून परत गेलेला