पेंडिंगचं पुढे काय झालं?

यूपीआयने पैसे दिले की तीनपैकी एक उत्तर येतं: गेले, नाही गेले, किंवा 'पेंडिंग'. पहिल्या उत्तरावर गिऱ्हाईक पिशवी उचलून चालू लागतं, दुसऱ्यावर खिशात नोट शोधतं. तिसऱ्या उत्तरावर दोन्ही पक्ष जागीच थिजतात. गिऱ्हाईक फोन दाखवतं, "माझे कापले गेलेत". दुकानदार काउंटरवरच्या मुक्या स्पीकरकडे बोट करतो. एका बँकेतून पैसे वजा झालेले असतात आणि दुसऱ्या बँकेचा निरोप वेळेत पोहोचलेला नसतो. अशा अडकलेल्या व्यवहारांची चौकशी करायला पडद्यामागे एक छोटा प्रोग्रॅम ठेवलेला असतो. तो ठरावीक वेळाने उठतो, विचारतो आणि पुन्हा झोपतो. त्याने किती वेळाने उठावं, हे ठरवणं दिसतं तितकं किरकोळ नाही.

पवईत हे ठरवणारे आणि ते भोगणारे एकाच रस्त्यावर राहतात. समजा, हिरानंदानीच्या उंच खांबांच्या एखाद्या इमारतीतून घरपोच भाजीचं एक ॲप चालतं. तिथला नवा अभियंता पहिल्याच दिवशी क्रॉनमध्ये ही ओळ लिहितो:

```
* * * * * /opt/app/check_pending.sh
```

पाच तारका, म्हणजे दर मिनिटाला एकदा. सेवा पंचतारांकित असावी, एवढाच त्याचा शुद्ध हेतू असतो. दिवसाला १,४४० फेऱ्या होतात आणि बहुतेक रिकाम्या हातांनी परततात. महिन्याअखेरीस सर्व्हरचं बिल पाहून वरिष्ठ खवळतात आणि ती ओळ अर्ध्या तासावर नेऊन ठेवतात. बिल उतरतं, पण आता पेंडिंगवाल्या गिऱ्हाइकाला सरासरी पंधरा मिनिटं उत्तर मिळत नाही. तेवढ्यात ते दुसऱ्यांदा पैसे भरतं, मग पहिलेही पोहोचतात, आणि दोन किलो भेंडीचे चार किलोंचे पैसे झाल्याबद्दल कार्यालयात फोन खणखणतो.

इथे एक साधा हिशेब कामी येतो. दोन फेऱ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या साधारण निम्मा वेळ गिऱ्हाइकाला सरासरी थांबावं लागतं. अंतर तासावरून अर्ध्या तासावर आणलं, तर दिवसाला २४ फेऱ्या वाढतात आणि सरासरी पंधरा मिनिटं वाचतात. तेच दोन मिनिटांवरून एक मिनिटावर आणलं, तर ७२० फेऱ्या वाढतात आणि वाचतात फक्त तीस सेकंद. कार्यालयातल्या बैठकीत मात्र नेमका याच तीस सेकंदांसाठी पाऊण तास वाद होतो.

पण खरा घोळ मिनिटांत नसून यादीत असतो. त्या ॲपवर रोज १२ व्यवहार अडकतात आणि 'आता पुरे' असं सांगणारी ओळ कुणी लिहिलेलीच नाही, असं धरून चाला. बँकेने कधीच धड उत्तर न दिलेले व्यवहार यादीतून निघत नाहीत. एकही सुटला नाही, तर महिन्याने यादीत ३६० व्यवहार असतात. प्रत्येकाची दर मिनिटाला विचारपूस केली, तर दिवसाला ५,१८,४०० प्रश्न होतात. त्यातले बहुतेक अशा गिऱ्हाइकांबद्दल असतात, ज्यांनी ती भेंडी केव्हाच खाऊन पचवलेली असते.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर १२ एप्रिल २०२५ आठवावा. त्या शनिवारी देशभर यूपीआय कित्येक तास अडखळत होतं. ते चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, नंतर कारण सांगितलं, ते या लेखाच्या विषयातलंच निघालं: व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या प्रश्नांचा पूर आला होता, आणि काही बँकांकडून जुन्या व्यवहारांचीही पुन्हा पुन्हा चौकशी होत होती. पैसे गेले का, हे विचारणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की पैसे जायलाच वाट उरली नाही. यूपीआयचा २०२५ मधला नियम असा होता की पहिली विचारणा ९० सेकंदांनंतर करावी आणि दोन तासांत तीनपेक्षा जास्त वेळा विचारू नये.

या नियमातच उत्तर दडलेलं आहे. वेळापत्रक घड्याळाला न बांधता प्रत्येक व्यवहाराच्या वयाला बांधायचं. पहिला प्रश्न दीड मिनिटाने, कारण बहुतेक अडलेले व्यवहार तोवर आपोआप सुटतात. दुसरा दहा मिनिटांनी, तिसरा दीड तासाने, आणि मग थांबायचं. क्रॉन खुशाल दर मिनिटाला उठू दे. त्याने फक्त आपल्याच डेटाबेसमध्ये पाहायचं की आत्ता पाळी कुणाची आहे:

```
SELECT id FROM payments
WHERE status = 'PENDING'
  AND next_check_at <= NOW()
ORDER BY next_check_at
LIMIT 200;
```

`next_check_at` वर इंडेक्स असला, तर हे पाहणं जवळजवळ फुकट पडतं. महाग असतो तो बँकेला विचारलेला प्रश्न, आणि रोजच्या १२ व्यवहारांना प्रत्येकी तीन म्हणजे जास्तीत जास्त ३६ प्रश्न होतात. पाच लाखांवरून छत्तीसवर येऊनही गिऱ्हाइकाला पहिलं उत्तर दोन-अडीच मिनिटांतच मिळतं. बँकेने स्वतःहून निरोप धाडायची सोय असेल, तर ती आधी वापरावी. पवई तलाव भरून वाहू लागला की महापालिका दर पावसाळ्यात जाहीर करते. त्यासाठी कुणी रोज काठावर जाऊन पाणी मोजत नाही. मात्र धाडलेला निरोप वाटेत हरवू शकतो, म्हणून हे तीन प्रश्न राखीव ठेवायचेच.

अंतर चुकलंय हे ओळखायच्या खुणा फार बोलक्या असतात. शंभरातल्या नव्वदहून जास्त बाहेरच्या प्रश्नांना 'अजून पेंडिंग' हेच उत्तर येत असेल, तर घाई चालली आहे. एकाच ऑर्डरचे पैसे दोनदा येऊ लागले, तर ढिलाई आहे. आणि एक फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊन एकाच गिऱ्हाइकाला "पैसे मिळाले" असे दोन निरोप गेले, तर कुलूप लावायचं राहिलं आहे. ते लावायला `flock -n` पुरतं: आधीची फेरी चालू असेल तर नवी फेरी मुकाट्याने परत जाते.

क्रॉनची भाषाही एका जागी दगा देते. दीड तासाने एकदा व्हावं म्हणून कुणी `*/90 * * * *` लिहितं. मिनिटांच्या रकान्यात ५९ च्या पुढे काही नसतं, त्यामुळे बऱ्याच यंत्रांवर ते काम तक्रार न करता दर तासाच्या ठोक्याला होत राहतं. लिहिणारा मात्र निवृत्त होईपर्यंत दीड तासाच्या समाधानात असतो. ठोक्याची वेळही टाळलेली बरी, कारण त्याच क्षणी इतर हजारो जणांचे प्रोग्रॅमही उठतात. तीन वाजून सतरा मिनिटांनी विचारलं, तर रांग लहान असते.

तीन प्रश्नांनंतरही जे अडकलेलंच राहतं, ते दुसऱ्या दिवशीच्या ताळमेळाच्या फाइलीवर सोडायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार गिऱ्हाइकाचे पैसे कापले जाऊन दुकानदारापर्यंत पोहोचल्याची खात्री झाली नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. एवढी मुदत समोर असताना पहाटे तीनला दर मिनिटाला विचारून हाती काही लागत नाही. त्याऐवजी गिऱ्हाइकाच्या पडद्यावर 'पेंडिंग' या शब्दाखाली "पुन्हा पैसे भरू नका, पैसे न पोहोचल्यास पाच दिवसांत परत मिळतील" एवढी ओळ लिहावी. दुहेरी पैसे भरणं फेऱ्या वाढवून जेवढं थांबतं, त्याहून जास्त त्या ओळीने थांबतं, आणि तिला सर्व्हरचं बिल येत नाही.