परवा म्हणजे कधी?

‘काल’ आणि ‘उद्या’ यांच्यात मराठी माणसाचा कधी गोंधळ होत नाही. हिंदीत दोन्हींना ‘कल’ म्हणतात आणि बाकीचं क्रियापदावर सोपवतात, याची आपल्याला मनातून थोडी गंमतही वाटते. पण ही ऐट एकच दिवस टिकते. काल-उद्याच्या पलीकडे पाऊल टाकलं की आपल्याकडेही ‘परवा’ असतो, आणि तो होऊन गेलेलाही असतो आणि यायचाही असतो. जिना उतरता उतरता कुणी ‘लग्न परवा’ एवढंच बोलून गेलं, तर आहेराची तयारी करावी की न गेल्याची सबब शोधावी, हे कळायला मार्ग नसतो.

या शब्दाची दुसरी खोड अधिक मजेची आहे. मावशी म्हणते, “अगं, परवाच तर येऊन गेली ती!” इथे दिशेबद्दल शंका नाही, ‘येऊन गेली’ म्हणजे मागचीच गोष्ट. पण हा परवा दोन दिवसांपूर्वीचा असेल, पंधरवड्यापूर्वीचा असेल, किंवा गेल्या दिवाळीतला असेल आणि आपण चैत्रात बसून तो ऐकत असू. “नक्की कधी, मावशी?” असं विचारावं, तर उत्तर येतं, “सांगितलं ना, परवाच!”

पहिल्या अडचणीला इंग्रजीत अ‍ॅम्बिग्युअस म्हणतात आणि दुसरीला व्हेग. मराठीत संदिग्ध आणि मोघम. संदिग्ध बोलण्याचे अर्थ बोटांवर मोजता येतात, आणि त्यातला प्रत्येक आपापल्या जागी स्वच्छ असतो. फक्त बोलणाऱ्याच्या मनात कोणता होता ते कळत नाही. म्हणून तिथे विचारायचं, “यातला कुठला?” मोघम बोलण्याचा अर्थ एकच असतो, पण त्याला कुंपण नसतं. ‘काका तसे उंच आहेत’ यात उंच म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण उंची कुठे सुरू होते ते काकांनाही सांगता येणार नाही. तिथे प्रश्न येतो, “म्हणजे किती?” कुठला प्रश्न तोंडात येतो यावर रोग ओळखावा. मावशीला “मागचा परवा की पुढचा?” असं कुणी विचारत नाही.

संदिग्धतेची खरी मजा आपल्याकडच्या नैयायिकांनी घेतली होती. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादातल्या लबाड्यांना ‘छल’ म्हटलं आहे आणि त्यातला पहिला वाक्छल. वात्स्यायनाने भाष्यात त्याचं उदाहरण दिलं ते ‘नवकंबल’ या शब्दाचं. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे. त्याला म्हणायचं असतं, याची कांबळी नवी आहे. प्रतिपक्षी लगेच उसळतो: याच्या अंगावर तर एकच कांबळी दिसते, नऊ कुठे आहेत? संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवं आणि ‘नव’ म्हणजे नऊही. आपण आजही नववर्ष आणि नवरात्र एकाच कॅलेंडरवर टांगतो आणि कधी चुकत नाही, कारण शेजारचा शब्द आपल्याला वाट दाखवतो. त्या प्रतिपक्ष्यालाही ती वाट दिसत होतीच. अशा माणसाला तर्कशास्त्र शिकवून उपयोग नसतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत तो दरवर्षी भेटतो.

शब्द एकार्थी असले तरी वाक्य दुहेरी होऊ शकतं. ‘सुंदर बंगल्याची मालकीण’ हे घ्या. सुंदर कोण? दोनच उमेदवार आहेत आणि निवड मालकिणीसमोर करायची नाही, एवढं शहाणपण पुरे. ‘सुंदर’च्या जागी ‘मोठा’ घातला, तर मराठी व्याकरण आपोआप मदतीला येतं: ‘मोठ्या बंगल्याची मालकीण’ म्हटलं की मोठेपण बंगल्याकडे जातं, ‘मोठी’ म्हटलं की बाईंकडे. आकारान्त विशेषण आपल्या नामाप्रमाणे रूप बदलतं. सुंदर, नवीन, गरीब, लाल ही मंडळी मात्र ढिम्म हलत नाहीत. म्हणून ‘नवीन शाळेचे मुख्याध्यापक’ यात नवेपण कुणाचं ते कळत नाही आणि ‘नव्या शाळेचे’ लिहिलं की कळतं. संदिग्धता अशी एका अक्षराने सुटते. मोघमपणा कुठल्याच प्रत्ययाने सुटत नाही; तिथे माहितीच वाढवावी लागते.

आणि दर वेळी ती वाढवावीच असंही नाही. ‘मीठ चवीपुरतं’ हे मोघम आहे आणि तसंच हवं. राज्यघटनेत मूलभूत स्वातंत्र्यांवर ‘वाजवी’ निर्बंध घालता येतात; वाजवी म्हणजे किती, ते प्रत्येक प्रकरणात न्यायालयाने ठरवायचं, म्हणूनच तो शब्द ढिला आहे.

कथेवरच्या निबंधात मात्र गडबड होते. एखादी गोष्ट नीट कळली नाही की लिहिणारा ‘शेवट संदिग्ध आहे’ असं ठोकून देतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. हे वाक्य एकट्याने उभं राहू शकत नाही. संदिग्ध म्हटलं की दोन्ही अर्थ लिहून दाखवायचे आणि कथेतला कुठला तपशील कुठल्या अर्थाला टेकू देतो तेही दाखवायचं.

हेन्री जेम्सची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही 1898 मधली लघुकादंबरी यासाठी उत्तम. एका आडबाजूच्या वाड्यात दोन मुलांना सांभाळायला आलेल्या शिक्षिकेला मेलेला नोकर क्विंट आणि आधीची शिक्षिका मिस जेसल दिसू लागतात. भुतं खरी असावीत, कारण तिने कधी न पाहिलेल्या क्विंटचं वर्णन केल्यावर घरव्यवस्था पाहणाऱ्या मिसेस ग्रोझ त्याला ओळखतात. भुतं तिच्या डोक्यातली असावीत, कारण तळ्याकाठी ती मिस जेसलकडे बोट दाखवते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या त्याच मिसेस ग्रोझना काहीच दिसत नाही. दोन अर्थ, दोघांना पुरावा, आणि दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. इथे ‘संदिग्ध’ हा शब्द हक्काने लिहावा.

त्याच पुस्तकात क्विंटने मुलांचं नेमकं काय बिघडवलं? मुलाला शाळेतून का काढलं? शेवटी तो कबूल करतो ते एवढंच की तो काही गोष्टी बोलला, आवडत्या मुलांशी. कुठल्या गोष्टी? पत्ता नाही. इथे निवडायला दोन अर्थच नाहीत. एक धूसर वाईटपणा आहे आणि त्याची हद्द वाचकाने आपल्या कुवतीप्रमाणे आखायची आहे. जेम्सने ते मुद्दाम केलं. पुढे लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने सांगितलं आहे की वाईटाचा तपशील द्यायचा नाही, वाचकालाच तो कल्पायला लावायचा.

तेव्हा निबंधात असं लिहावं: ‘भुतं खरी की भास, याबाबत कथा संदिग्ध आहे, क्विंटच्या अपराधाबाबत ती मोघम आहे.’ विशेषणांची अदलाबदल केली तर वाक्य ऐकायला तितकंच भारदस्त वाटेल, आणि परीक्षक दमलेले असले तर गुणही तितकेच मिळतील.