पंधरा दिवसांत काय करायचं, ते लिहा

सातबाऱ्यावर नवी नोंद घ्यायची असली की तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आधी ती फेरफार नोंदवहीत लिहितात आणि ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना नोटीस पाठवतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० तसं सांगतं. नोटिशीचा मजकूर साधारण असा असतो:

‘ज्याअर्थी अधिकार अभिलेखावरून उक्त जमिनीत आपला हितसंबंध असल्याचे दिसून येते, त्याअर्थी सदर नोंदीबाबत आपली हरकत असल्यास ती ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांचे आत तोंडी वा लेखी कळवावी, अन्यथा उक्त नोंदीस आपली संमती असल्याचे गृहीत धरण्यात येईल.’

समजा, लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या एका बाईंच्या हातात हा कागद पडला. वडिलांमागे वारस म्हणून सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं होतं. आता हक्कसोडपत्राच्या आधारे ते कमी करण्याची नोंद झाली आहे, आणि त्या म्हणतात, मी असं काही करून दिलेलंच नाही. ‘ज्याअर्थी’पासून सुरू झालेलं हे वाक्य पोस्टमनकडून वाचून घेतलं तरी त्यांच्या हाती काही लागत नाही. त्यांचं नाव कमी होणार आहे, हे त्यात कुठे आहे? गप्प राहिलं की होकार धरला जातो, ही सगळ्यात घातक गोष्ट तर वाक्याच्या शेपटाला बांधलेली आहे.

तोच कायदा पाळून हा मजकूर असा लिहिता येतो:

‘गट क्रमांक अमुक या जमिनीच्या सातबाऱ्यावरून तुमचं नाव कमी करण्याची नोंद मी फेरफार क्रमांक अमुकने लिहिली आहे. अमुक तारखेचं हक्कसोडपत्र हा तिचा आधार आहे. नोंद अजून मंजूर झालेली नाही. ती मान्य नसेल तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत मला कळवा. लिहून द्या किंवा तोंडी सांगा, दोन्ही चालतं. हरकत घेतल्याची लेखी पोच मी तुम्हाला लगेच देईन. ती जपून ठेवा. १५ दिवसांत हरकत आली नाही, तर नोंदीला तुमची संमती आहे असं धरलं जाईल.’

पोचेचं वाक्य मी पदरचं घातलेलं नाही. हरकत आली की तिचा तपशील विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत लिहायचा आणि हरकतदाराला ताबडतोब लेखी पोच द्यायची, हे त्याच कलमात आहे. तोंडी हरकत घेणाऱ्याकडे या पोचेशिवाय दुसरा पुरावा नसतो. तरीही नोटीस त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मला अक्षम्य वाटतं. जुन्या मजकुरात ‘कळवावी’ आहे, पण कुणाला ते नाही. ‘धरण्यात येईल’ आहे, पण नोंद कुणाच्या सहीने पक्की होते ते नाही. ती मंजूर करतात मंडळ अधिकारी, आणि त्यानंतर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करायला ६० दिवस मिळतात. कर्ता लिहिला की वाचणाऱ्याला कोणाच्या टेबलाशी जायचं ते कळतं.

सोपं करताना मात्र हात सैल सोडून चालत नाही. ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ला सरसकट ‘मालक’ केलं, तर कूळ सुटेल आणि जमिनीवर बोजा असलेली बँकही सुटेल. म्हणून प्रत्येकाच्या नोटिशीत त्याचा संबंध स्पष्ट लिहावा: तुम्ही कूळ आहात, तुमचा बोजा आहे, तुम्ही वारस आहात. त्याहून मोठी चूक म्हणजे ‘जमीन अमुकच्या नावावर झाली’ असं लिहिणं. फेरफार हा महसुली नोंदीचा भाग आहे. मंजूर नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण मालकीचा वाद शेवटी दिवाणी न्यायालयातच सुटतो. कलमांचे क्रमांकही काढू नयेत, वकिलाला ते लागतात. ते तळाला एका ओळीत द्यावेत.

नवा मसुदा जमला की नाही, हे कार्यालयात बसून ठरवू नये. गावातल्या चार-पाच जणांना तो एकदाच वाचू द्यावा. ‘कळलं का?’ असं विचारलं तर भिडेखातर सगळे हो म्हणतील. विचारायचं ते असं: नोंद मान्य नसेल तर उद्या कुठे जाल, काय मागाल, नाही गेलात तर काय होईल? कुणी ‘तहसीलदारांकडे जाईन’ म्हणालं, तर ‘मला कळवा’ या शब्दांपुढे तलाठी कार्यालयाचा पत्ता घालायला हवा. कुणी ‘वकील करावा लागेल’ म्हणालं, तर तोंडी हरकतीचं वाक्य आणखी वर आणायला हवं. आणि ‘गप्प बसलो तर नोंद आपोआप रद्द होईल’ असं एकजण जरी म्हणाला, तरी तो मसुदा छापायला देऊ नये.